मारल्यावर त्याला काय मिळते?
वर्गात हात उचलणाऱ्या मुलाच्या वर्तनाचा शोध : प्रस्तावना

वर्गातल्या मुलांना मारणाऱ्या मुलाचा विषय स्टाफरूममध्ये निघाला की पहिला प्रश्न बहुधा 'याला शिक्षा काय करायची?' हा असतो आणि दुसरा 'याच्या घरी काय चालले आहे?' हा. अंधेरी-बोरिवली असो की घाटकोपर-मुलुंड, अनुदानित शाळा असो की भरमसाट फीची, या क्रमात फारसा फरक पडत नाही. मग वर्गाबाहेर उभे करणे, मुख्याध्यापकांकडे पाठवणे, डायरीत शेरा लिहिणे, पालकांना बोलावणे आणि शेवटी 'तुम्ही दुसरी शाळा बघा' असे सुचवणे, अशा पायऱ्या ठरल्यासारख्या येतात. या सगळ्या धावपळीत एक गोष्ट राहून जाते. त्याने मारले त्याच्या आधीच्या मिनिटात काय घडले होते आणि नंतरच्या मिनिटात काय घडले, हे कुणीच लिहून ठेवलेले नसते. ही पुस्तिका त्या दोन मिनिटांविषयी आहे. तिचे म्हणणे थोडक्यात असे : मारण्यातून त्या मुलाला काय मिळते किंवा काय टळते हे कळल्याशिवाय ठरवलेली शिक्षा अंदाजाने ठरवलेली असते, आणि पुष्कळदा तीच शिक्षा त्या मारण्याची कमाई होऊन बसते.

या शोधाच्या पद्धतीला फंक्शनल बिहेवियर असेसमेंट म्हणतात. मराठीत तिला वर्तनाचे कार्यात्मक मूल्यमापन म्हणता येईल. तिचा पाया साधा आहे. जे केल्याने आपल्याला हवे ते मिळते किंवा नको ते टळते, ते आपण पुन्हा करतो. सिडनी बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८मध्ये मुलांच्या वर्तनाची नोंद 'आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय घडले' अशा क्रमाने ठेवण्याची रीत मांडली. आज शाळांत जो तीन रकान्यांचा तक्ता वापरतात त्याचे मूळ तिथे आहे. पण शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक प्रयोग एडवर्ड कार आणि मार्क ड्युरांड यांनी १९८५मध्ये प्रसिद्ध केला. विकासात्मक अडचणी असलेली चार मुले वर्गात मारणे, आरडाओरडा, स्वतःला इजा करून घेणे असे प्रकार करत होती. संशोधकांनी कामाची काठिण्यपातळी आणि मोठ्यांचे मिळणारे लक्ष या दोन गोष्टी आलटून पालटून बदलल्या. काहींचे वर्तन काम अवघड झाले की उसळत होते, तर काहींचे लक्ष कमी झाले की. मग त्यांनी प्रत्येक मुलाला एक वाक्य शिकवले : अवघड कामामुळे बिथरणाऱ्याला 'मला समजत नाही' अशा अर्थाचे, लक्ष हवे असणाऱ्याला 'मी नीट करतोय ना?' अशा अर्थाचे. योग्य वाक्य मिळालेल्या मुलाचे त्रासदायक वर्तन झपाट्याने कमी झाले. त्याच मुलाला दुसरे, त्याच्या गरजेशी न जुळणारे वाक्य शिकवले तेव्हा मात्र फरक पडला नाही. म्हणजे उपाय चांगला की वाईट, हे उपायाकडे पाहून ठरत नाही. तो मुलाच्या कारणाला लागू पडतो का, यावर ते ठरते.

शिक्षेलाही हेच लागू होते, हे त्याहून आधी १९७७मध्ये सॉल्निक, रिंकोव्हर आणि पीटरसन यांनी दाखवले होते. सहा वर्षांच्या एका स्वमग्न मुलीचे आकांडतांडव थांबवण्यासाठी तिला काही वेळ एकटे ठेवण्याचा, म्हणजे टाइमआउटचा उपाय करून पाहिला गेला. आकांडतांडव कमी होण्याऐवजी वाढले. एकटे राहिल्यावर तिला आपल्याच नादात रमता येत होते, आणि शिकवणीच्या जागेपेक्षा ते तिला अधिक आवडत होते. मोठ्यांच्या हिशेबात ती शिक्षा होती; तिच्या हिशेबात सुटका. आपल्याकडे 'बाहेर उभा राहा' ही शिक्षा इतकी सर्रास आहे की तिचा परिणाम तपासण्याची गरज कुणाला वाटत नाही. पण ज्याला वर्गातले काम नकोसे झाले आहे त्याच्यासाठी व्हरांडा ही वाईट जागा नसते. तिथे वारा असतो, येणारेजाणारे असतात, वही नसते.

शाळेतल्या मारामारीतून मुलाला मिळणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात. नकोसे काम, जागा किंवा माणूस टळते. मोठ्यांचे किंवा सवंगड्यांचे लक्ष मिळते, मग ते रागावण्याच्या रूपात का असेना. हवी असलेली वस्तू, जागा किंवा खेळातली पाळी मिळते. काही मुलांना जोराने धडकण्या-ढकलण्यातून शरीराला जाणवणारा दाब हवासा असतो, पण समोर विशिष्ट मुलगाच लागत असेल तर हे कारण सहसा मागे पडते. यादी एवढी छोटी असल्यामुळे ती पाहूनच निदान करण्याचा मोह होतो. नेमक्या त्याच मोहापासून सावध राहायला हवे, आणि ते कसे हे एका उदाहरणावरून नीट दिसेल. उदाहरण पद्धत समजावी म्हणून रचलेले आहे, तो कुणी एक खरा मुलगा नव्हे. त्यातले तपशील मात्र उपनगरातल्या कोणत्याही शिक्षकाला ओळखीचे वाटतील.

घाटकोपरच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत दुपारच्या पाळीत तिसरीत शिकणारा मुलगा घेऊ. तक्रार अशी की तो 'फार मारकुटा आहे, सारखा मस्ती करतो'. पहिले काम म्हणजे ही तक्रार मोजता येईल अशा शब्दांत आणणे. 'मारकुटा' हा शेरा झाला, त्याची नोंद करता येत नाही. म्हणून ठरते असे : हाताने, मुठीने, पायाने किंवा पट्टी-पेन्सिलीसारख्या वस्तूने दुसऱ्या मुलाच्या अंगावर आघात केला किंवा तो करताना मोठ्या माणसाने मध्येच अडवले, तर ते मोजायचे. खेळताना दोघेही हसत असताना झालेली धक्काबुक्की, शिवीगाळ, वस्तू आपटणे हे मोजायचे नाही. व्याख्या चांगली झाली की नाही याची कसोटी सोपी आहे. वर्गशिक्षिका आणि खेळाचे शिक्षक यांनी एकच प्रसंग पाहून स्वतंत्रपणे लिहिले, तर दोघांच्या नोंदी जुळायला हव्यात. जुळल्या नाहीत तर दोष मुलात शोधण्याआधी व्याख्येत शोधावा.

मग दोन आठवडे तक्ता भरायचा. वार आणि वेळ, जागा, चालू असलेले काम, लगेच आधी काय घडले, मुलाने काय केले, लगेच नंतर कोणी काय केले. एक नोंद अशी दिसेल : मंगळवार, ३ वाजून १० मिनिटे. परिसर अभ्यास. बाईंनी फळ्यावर आठ ओळी लिहून 'उतरवून घ्या' सांगितले. शेजारचा मुलगा म्हणाला, 'अजून पहिल्याच ओळीवर?' याने त्याच्या दंडाला पेन्सिल टोचली आणि पाठीत मूठ मारली. बाई म्हणाल्या, 'बाहेर उभा राहा.' तास संपेपर्यंत बाहेर. वहीत एक ओळ. या नोंदीत 'रागाने', 'मुद्दाम', 'लक्ष वेधण्यासाठी' असा एकही शब्द नाही, आणि नसायलाच हवा. असे शब्द म्हणजे आपला निष्कर्ष. तो नोंदीत शिरला की पुढची नोंद आपण त्याच चष्म्यातून करू लागतो.

समजा, दोन आठवड्यांत चौदा प्रसंग नोंदले गेले. त्यांतले दहा फळ्यावरून उतरवून घेताना, तीन जिन्यात आणि एक मैदानावर. नुसता आकडा पाहून धावू नये, कारण वर्गात उतरवून घेण्याचे कामच जास्त असेल तर प्रसंगही तिथेच जास्त सापडणार. म्हणून त्या कामाला किती वेळ जातो हे पाहायचे. पाच तासांच्या शाळेत ते रोज सुमारे सव्वा तास, म्हणजे एकूण वेळेच्या चौथ्या हिश्शाएवढे असेल आणि चौदांपैकी दहा प्रसंग त्या चौथ्या हिश्शात पडत असतील, तर धागा खरा आहे. याहून मोलाची माहिती मारले नाही त्या वेळांत असते. बहुतेक नोंदवह्यांत ती नसते, कारण काही घडले नाही तर कुणी लिहीत नाही. त्याच दोन आठवड्यांत उतरवून घेण्याचे वीस प्रसंग आले आणि दहांत काहीही झाले नाही, तर ते दहा वेगळे कशात होते? पाहिल्यावर लक्षात येते की त्यांतल्या बहुतेक वेळी मजकूर तीन-चार ओळींचाच होता किंवा मुलगा पहिल्या बाकावर बसलेला होता. आता चित्र बरेच नेमके झाले. लिहिणे म्हणताच तो बिथरत नाही. लांबचा, जास्त ओळींचा मजकूर आणि त्यात शेजाऱ्याने मागे पडल्याची करून दिलेली जाणीव, ही ठिणगी आहे. नंतरच्या रकान्यात दहापैकी आठ वेळा 'बाहेर पाठवले' असे आहे. वहीतल्या अपुऱ्या पानांवरून हेही दिसते की एकदा बाहेर गेल्यावर ते लेखन त्याला कधीच पूर्ण करावे लागलेले नाही.

इथे एक अंदाज वाक्यात मांडता येतो : जास्त ओळी उतरवून घ्यायला सांगितल्यावर आणि शेजाऱ्याने डिवचल्यावर तो मारतो, त्यामुळे त्याला वर्गाबाहेर काढले जाते आणि लेखन टळते. पण वर्गशिक्षिकेचे मत वेगळे असू शकते. 'त्याला माझे लक्ष हवे असते, मारल्याशिवाय मी त्याच्याकडे वळत नाही हे त्याला कळले आहे.' तक्ता पाहिला तर त्यांचेही खरे वाटते, कारण प्रत्येक मारण्यानंतर बाईंचे लक्ष गेलेलेच आहे. हाच या पद्धतीतला सर्वांत मोठा सापळा. एका मुलाने दुसऱ्याला मारले की मोठ्या माणसाचे लक्ष जाणारच. त्यासाठीच तो मारतो असे त्यावरून सिद्ध होत नाही. थॉम्प्सन आणि इवाटा यांनी २००७मध्ये निव्वळ निरीक्षणाचे निष्कर्ष आणि परिस्थिती बदलून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष शेजारी ठेवून तपासले. बहुतेक व्यक्तींच्या बाबतीत ते जुळले नाहीत. म्हणून तक्ता संशय घ्यायला उपयोगी, निकाल द्यायला अपुरा.

निकालाकडे जायचे तर परिस्थिती थोडी बदलून पाहावी लागते. इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२मध्ये स्वतःला इजा करणाऱ्या मुलांसाठी या चाचणीचा जो काटेकोर नमुना तयार केला, त्यात मुद्दाम अशी परिस्थिती निर्माण केली जाते की वर्तन घडावे. ते प्रशिक्षित तज्ज्ञाचे काम आहे आणि भरल्या वर्गात ते कुणी करू नये, कारण तिथे मार खाणारे दुसरे मूल असते. वर्गात उलट बाजूने जाता येते : मारणे घडवून आणण्याऐवजी, काय बदलले की ते घडत नाही हे पाहायचे. सोमवारी आणि बुधवारी फळ्यावर नेहमीच्या आठ ओळी ठेवायच्या, पण बाईंनी दर दोन-तीन मिनिटांनी त्याच्या बाकापाशी जाऊन दोन शब्द बोलायचे. मंगळवारी आणि गुरुवारी त्याला तीनच ओळी लिहायला द्यायच्या, बाकीचा मजकूर छापील कागदावर द्यायचा आणि बाईंनी नेहमीपेक्षा जास्त वेळा त्याच्याकडे जायचे नाही. लक्ष हवे असेल तर सोमवार-बुधवार शांत जातील. लेखन टाळायचे असेल तर मंगळवार-गुरुवार. आपल्या उदाहरणात दुसरे घडले असे धरू. चार दिवसांनी काही शास्त्र सिद्ध होत नाही, पण उपाय कुठून सुरू करायचा हे कळते. दोन्ही प्रकारचे दिवस शांत गेले, तर दोन्ही कारणे आहेत किंवा आपण तिसरेच काही बदलले, असे समजून पुन्हा पाहावे.

आता उपाय कारणातून आपोआप बाहेर येतो. मुलाला लेखनातून थोडी सुटका हवी आहे आणि ती मिळवण्याचा त्याला ठाऊक असलेला एकच मार्ग म्हणजे मारणे. तेव्हा त्याच सुटकेचा दुसरा मार्ग त्याला द्यायचा, आणि तो मारण्याहून सोपा व लवकर फळणारा हवा. बाकावर एक रंगीत कार्ड ठेवायचे. ते उलटे केले की बाईंनी मान हलवायची आणि त्याने दोन मिनिटे पेन्सिल खाली ठेवायची किंवा छापील कागद मागायचा. पहिले दहा-बारा दिवस कार्ड उलटले की प्रत्येक वेळी, ताबडतोब सुटका मिळायला हवी. बाईंचे लक्ष गेले नाही म्हणून कार्ड तीनदा वाया गेले, तर चौथ्यांदा मूठच चालणार, कारण मूठ कधी वाया जात नाही. ते रुळल्यावर 'ही ओळ पूर्ण कर, मग थांब' असे करत सुटकेआधीचे काम हळूहळू वाढवायचे. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची : मारल्याने सुटका मिळणे बंद व्हायला हवे. मारले तर आधी मार बसलेल्या मुलाकडे जायचे, मग याला न ओरडता, न समजावता त्याच वर्गातल्या वेगळ्या बाकावर बसवायचे, आणि वही तिथेही समोर असावी. लेखन कमी करता येईल, पण संपवायचे. या टप्प्यावर काही दिवस मारणे वाढू शकते. आतापर्यंत चाललेला मार्ग बंद झाला की मूल तो आणखी जोराने वापरून पाहते. नेमक्या त्या दिवसांत शाळा घाबरून पुन्हा 'बाहेर जा' म्हणते, आणि मुलगा शिकतो की थोडे जास्त जोराने मारावे लागते एवढेच. म्हणून हा वाढीचा काळ आधीच सर्वांना सांगून ठेवावा आणि तेवढ्या दिवसांपुरता शेजारचा मुलगा हलवून जागा मोकळी ठेवावी.

पण शोध इथे थांबला तर अर्धवट राहील. आठ ओळी उतरवायला त्यालाच इतके जड का जाते, हा प्रश्न उरतो. पहिल्या बाकावर तो ठीक असतो या नोंदीवरून सर्वांत आधी डोळे तपासायला हवेत. चष्मा लागला आणि मारणे ओसरले, असे होणे अगदी शक्य आहे. दृष्टी ठीक असेल, अक्षरे गाळणे, उलटी लिहिणे, वाचनातही अडखळणे अशी चिन्हे असतील, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करावी. मुंबईत शीवच्या महापालिका रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगतेच्या २१ प्रकारांत स्थान दिले आहे. आणि जिन्यातल्या तीन प्रसंगांचे काय? ते वेगळ्याच कारणाचे निघतात. सकाळची पाळी सुटते आणि दुपारची भरते त्या दहा मिनिटांत अरुंद जिन्यावर वरून आणि खालून लोंढे येतात. धक्का लागला की हा मारतो आणि त्याच्याभोवती जागा मोकळी होते. तिथे कार्ड कामाचे नाही. त्याला दोन मिनिटे आधी वर सोडणे किंवा रांगेच्या शेवटी ठेवणे पुरते. एकाच मुलाच्या एकाच कृतीची दोन जागी दोन कारणे असू शकतात, म्हणून 'हा असाच आहे' या वाक्याने काही कळत नाही.

याच वर्गात दुसरा मुलगाही हात उचलतो असे समजू. त्याच्या नोंदी बहुतेक मैदानावरच्या आहेत. चेंडू हातात नसतो, पाळी येत नाही, तो मारतो, समोरचा रडत बाजूला होतो आणि चेंडू याच्याकडे येतो. त्याला बाहेर काढले तर त्याचे खरोखर नुकसान होते, म्हणून तीच शिक्षा इथे काही काळ काम केल्यासारखी दिसेल. पण पाळी कशी मागायची हे त्याला येत नसेल, तर मैदानावर परतल्यावर तेच घडेल. पहिल्याला दिलेले सुटकेचे कार्ड याला दिले तर तो त्याच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. सगळ्या मारणाऱ्यांना एकच नियम लावणे न्याय्य वाटते खरे, पण ते दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला देण्यासारखे आहे.

यावर पहिला आक्षेप शिक्षकांचा, आणि तो रास्त आहे : एवढे करायला वेळ कुठे आहे? शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गासाठी तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला, तरी उपनगरातल्या पुष्कळ वर्गांत बाकावर तिसरे मूल बसलेले दिसते. अशा वर्गात दिवसभर एका मुलाकडे पाहत राहणे अशक्य आहे, आणि तसे करायचेही नाही. तक्ता फक्त मारले तेव्हाच भरायचा असतो आणि एका नोंदीला मिनिटभर लागते. मारले नाही त्या वेळांसाठी वेळापत्रकाच्या झेरॉक्सवर प्रत्येक तासिकेला बरोबरची किंवा फुलीची खूण पुरते. जिन्यातले आणि डब्याच्या सुट्टीतले मावशी तोंडी सांगू शकतात, मैदानावरचे खेळाचे शिक्षक लिहू शकतात. चार दिवसांची चाचणी नियमित धड्यातच होते. याउलट एका मारामारीनंतर समजूत, चौकशी, डायरी, पालकांचा फोन यांत जाणारा वेळ कुणी मोजत नाही. मात्र एक अट खरी आहे. मुख्याध्यापकांनी हे काम शिक्षकाचे अधिकृत काम मानले नाही आणि दोन आठवडे त्याला थोडा हात मोकळा करून दिला नाही, तर तक्ता तिसऱ्या दिवशी कपाटात जाईल.

दुसरा आक्षेप मार बसलेल्या मुलांच्या पालकांचा असतो, आणि तो व्हॉट्सॲप ग्रुपवर अधिक कडक शब्दांत उमटतो : आमच्या मुलाने मार खायचा आणि तुम्ही त्याच्या कारणांचा अभ्यास करत बसायचे? याचे उत्तर असे की संरक्षण अभ्यासासाठी थांबत नाही. जागा बदलणे, धोक्याच्या वेळी मोठे माणूस जवळ ठेवणे, टोकदार वस्तू बाजूला ठेवणे हे पहिल्याच दिवशी करायचे. मार बसलेल्या मुलाची विचारपूस आणि त्याच्या पालकांना स्पष्ट माहिती देणे हेही त्याच दिवशी. कारण शोधणे म्हणजे माफी देणे नव्हे. आपल्या उदाहरणातल्या मुलाला लेखन पूर्ण करावेच लागते, आणि ते आधीच्या 'बाहेर जा'पेक्षा त्याच्या दृष्टीने जास्त कठोर आहे. 'काढून टाका' या मागणीबद्दलही बोलले पाहिजे. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या कलम १६नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्हींना मनाई करते. पण काय करू नये हे सांगून कायदा थांबतो. मग शिक्षकाने करायचे काय, हे मोकळेच राहते. अमेरिकेच्या विशेष शिक्षण कायद्यात १९९७मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा दिव्यांग मुलांना शिस्तीच्या कारणाने वर्गापासून दूर ठेवण्याच्या ठरावीक प्रसंगी हे मूल्यमापन शाळेवर बंधनकारक झाले. आपल्याकडे तसे बंधन नाही. ती मोकळी जागा शाळेला स्वतःच्या समजुतीने भरावी लागते.

तिसरा आक्षेप जरा खोल आहे : आठ वर्षांचा मुलगा नफ्यातोट्याचा असा हिशेब करतो का? त्याला राग येतो म्हणून तो मारतो, किंवा त्याला एडीएचडी आहे म्हणून मारतो. हिशेब तो करत नाही, हे मान्य. पावसात भिजल्यावर आपण आडोशाला जातो तेव्हा आपणही हिशेब करत नसतो. वर्तन परिणामांनी घडते, त्यासाठी डाव आखावा लागत नाही. राग खराच असतो, पण तो जिन्यात आणि आठ ओळींच्या वेळी येतो, चित्रकलेच्या तासाला येत नाही, याचा खुलासा रागातून मिळत नाही. निदानाचेही तसेच. एडीएचडी सोमवारी आणि मंगळवारी सारखाच असतो, मारणे मात्र सारखे नसते. निदान उपचारासाठी आवश्यक असू शकते, पण ते ठिणगीचा पत्ता देत नाही. तरीही या पद्धतीची हद्द ओळखावी. आतापर्यंत शांत असलेले मूल अचानक मारू लागले, तर तक्त्याआधी दुखणे, झोप, नवे औषध, घरातली उलथापालथ पाहावी, आणि कुणी त्याला नजरेआड मारत किंवा छळत तर नाही ना, हेही. डोक्याला, डोळ्याला इजा होईल असे मारणे असेल, तर शिक्षकाने एकट्याने प्रयोग करू नयेत. बालविकासतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्या देखरेखीशिवाय पुढे जाऊ नये.

आणि अंदाज चुकला हे कसे कळावे? उपाय सुरू झाल्यावरही नोंद चालू ठेवायची, त्याच व्याख्येने. सुरुवातीची वाढ ओसरल्यावर, साधारण तीन आठवड्यांनी, प्रसंग ठळकपणे कमी झाले नसतील तर आधी हे विचारावे की ठरले तसे झाले का? कार्ड दर वेळी मानले गेले का, बदली शिक्षकाने पुन्हा बाहेर उभे केले का? ठरल्याप्रमाणे सगळे झाले असेल आणि तरी फरक नसेल, तर उपाय अधिक कडक करू नये, अंदाज बदलावा. मुलगा सुधारत नाही असे म्हणण्याआधी आपले वाक्य चुकले असेल, ही शक्यता तपासण्याची शिस्त म्हणजेच ही पद्धत.

पुढच्या प्रकरणांत तक्ते, चाचण्यांचे नमुने आणि पालकांशी बोलण्याच्या पद्धती दिल्या आहेत. त्या सगळ्या एकदम वापरायच्या नाहीत. वाचकांनी एवढे जरूर करावे : वर्गातले एकच मूल निवडावे, त्याच्या मारण्याची एक नेमकी व्याख्या लिहावी आणि दहा नोंदी होईपर्यंत कोणतीही नवी शिक्षा ठरवू नये. दहा नोंदी समोर ठेवून 'यातून त्याला काय मिळाले?' हा रकाना भरावा. तो भरता आला नाही, तर अजून दहा नोंदी कराव्यात. तोवर बाकीच्या मुलांना सुरक्षित ठेवणे आणि मारणाऱ्याला वर्गातच ठेवणे, या दोन्ही गोष्टी शाळेच्या कर्तव्यात येतात.